पाच आलं म्हणजे आकार कळला असं नाही

«एवढं एकच सूत्र पाठ करा: H = ½ (V + M − C + A). उत्तर ४ आलं की sp³ आणि चतुष्फलक, ५ आलं की sp³d आणि त्रिकोणी द्विपिरॅमिड, ६ आलं की sp³d² आणि अष्टफलक. मधल्या अणूवर लोन पेअर असेल तर रेणू पोलर, नसेल तर नॉनपोलर. वर्कशीटमधला एकही प्रश्न चुकणार नाही. अकरावीच्या सगळ्यांना पाठवा!»

सूत्राशी माझं भांडण नाही. V म्हणजे मधल्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, M म्हणजे त्याला जोडलेले हायड्रोजन किंवा हॅलोजनसारखे एकसंयुजी अणू, C आणि A म्हणजे धन आणि ऋण प्रभार. ऑक्सिजन M मध्ये धरायचा नाही, एवढं पाळलं तर नेहमीच्या रेणूंमध्ये बेरीज बरोबर येते. पण हाती येतो तो मधल्या अणूभोवतीच्या जोड्यांचा आकडा. रेणूचा आकार अणू कुठे बसले यावरून ठरतो, आणि त्यासाठी अजून एक वजाबाकी करावी लागते.

SF₄ घ्या. सल्फरचे ६ आणि चार फ्लोरीनचे ४ मिळून १०, निम्मे ५. संदेशाप्रमाणे लिहायचं तर त्रिकोणी द्विपिरॅमिड. पण त्या आकृतीला कोपरे पाच आणि आपल्याकडे फ्लोरीन चारच, म्हणजे उत्तर चुकलं हे तिथेच कळायला हवं. ५ मधून ४ वजा केले की एक लोन पेअर उरते. ती बसते कुठे? वरच्या किंवा खालच्या टोकाला बसली तर तिला ९० अंशांवर तीन शेजारी मिळतात. मधल्या त्रिकोणात बसली तर ९० अंशांवर दोनच, बाकीचे दोन १२० अंशांवर. प्रतिकर्षण खरं जाचतं ते ९० अंशांवर, म्हणून ती त्रिकोणात जाते. उरलेल्या चार फ्लोरीनचा आकार होतो सी-सॉ. लोन पेअर जास्त जागा घेत असल्यामुळे कोनही आक्रसतात: त्रिकोणातल्या दोन फ्लोरीनमधला कोन १२० वरून सुमारे १०२ अंशांवर येतो, टोकांमधला १८० वरून सुमारे १७३ वर.

हेच XeF₄ साठी करून बघा. ८ अधिक ४ म्हणजे १२, निम्मे ६, त्यातून ४ गेले की दोन लोन पेअर. त्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब, म्हणजे समोरासमोर १८० अंशांवर बसतात आणि चार फ्लोरीन एका सपाट चौकोनात उरतात. CF₄ मात्र चतुष्फलकच, कारण तिथे वजाबाकी शून्य येते. तिन्हींत चार फ्लोरीन, तरी आकार तीन.

पोलर-नॉनपोलरचा नियम तर इथेच मोडतो. XeF₄ वर दोन लोन पेअर आहेत, तरी द्विध्रुव आघूर्ण शून्य, कारण समोरासमोरचे बंध एकमेकांना खोडतात आणि लोन पेअरही. उलट क्लोरोफॉर्मच्या कार्बनवर एकही लोन पेअर नाही, तरी आघूर्ण सुमारे १ डिबाय, कारण चार बंधांपैकी एक वेगळा आहे. SF₄ मध्ये टोकाचे दोन बंध जवळजवळ खोडले जातात, त्रिकोणातले दोन मात्र एकाच बाजूला झुकलेले असतात. म्हणून तो पोलर. या एका उदाहरणात नियम योगायोगाने जुळतो, आणि त्यामुळेच पोरांना तो खरा वाटतो.

लोन पेअर असली तरी तिची दिशा बघावीच लागते. NH₃ मध्ये बंधांचं खेचणं नायट्रोजनकडे, म्हणजे लोन पेअरच्याच दिशेने. दोन्हींची बेरीज होऊन १.४७ डिबाय. NF₃ मध्ये फ्लोरीन उलट्या दिशेला खेचतो, वजाबाकी होऊन उरतात जेमतेम ०.२३. आकार दोन्हींचा पिरॅमिडच.

राहिला संकरणाचा मुद्दा. जोड्या मोजून आकार सांगण्याची पद्धत गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये मांडली, आणि तिला संकरणाची गरजच लागत नाही. जोड्यांवरून रचना ठरते. sp³ किंवा sp³d हे नाव आपण मागाहून तिला देतो. ते नाव कधी सैल बसतं हे PH₃ मध्ये दिसतं. सूत्र म्हणतं ४, म्हणजे sp³, म्हणजे कोन १०९ च्या थोडा खाली. मोजलेला कोन आहे ९३.५ अंश. एवढा काटकोनाजवळचा कोन सांगतो की बंधांत p कक्षकांचाच वाटा मोठा आहे आणि लोन पेअर बरीचशी s मध्ये आहे. आकार पिरॅमिड हे उत्तर तरीही बरोबरच, फक्त वर्कशीटने कोन विचारला असेल तर १०७ लिहू नका.