मृत्युपत्र, खून आणि पाचशे मीटर

“न्यायाधीशांना कुणी निवडून दिलंय? कायद्यात लिहिलंय तेवढं वाचावं आणि निकाल द्यावा.” (मावसभाऊ, घरच्या ग्रुपवर)

मी न्यूयॉर्क राज्यात राहतो. इथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचे न्यायाधीश एकेकाळी मतदानानेच निवडले जात. त्या काळातला, १८८९ सालचा एक दावा सांगतो.

फ्रान्सिस पामर नावाच्या गृहस्थाने मृत्युपत्रात दोन्ही मुलींना थोडंफार ठेवून बाकी सगळी इस्टेट नातू एल्मरच्या नावे केली होती. पुढे आजोबांनी दुसरं लग्न केलं. आता ते मृत्युपत्र बदलतील या धास्तीने सोळा वर्षांच्या एल्मरने १८८२ मध्ये त्यांना विष घातलं. गुन्ह्याची शिक्षा झाली. प्रश्न उरला इस्टेटीचा, आणि मुली कोर्टात गेल्या.

कायद्यात खुनी वारसाबद्दल एक अक्षर नव्हतं. मृत्युपत्र कसं करावं आणि कसं रद्द होतं एवढंच होतं, आणि हे मृत्युपत्र त्या निकषांवर निर्दोष होतं. न्यायमूर्ती ग्रे यांनी तेच धरलं: कायद्याने ठरवलेल्या मार्गांखेरीज मृत्युपत्र फिरवता येत नाही, आणि इस्टेट काढून घेणं म्हणजे त्याच गुन्ह्यासाठी कायद्यात नसलेली वाढीव शिक्षा. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती अर्ल यांनी लिहिलं की स्वतःच्या दुष्कृत्याचा लाभ कुणालाही घेता येत नाही आणि सगळे कायदे या तत्त्वाच्या चौकटीत वाचायचे असतात. एल्मर हरला. निवडून येण्याचा या मतभेदात काहीच उपयोग झाला नाही.

कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९६७ मध्ये हाच खटला पुढे केला. त्यांचा दावा असा की अर्ल यांनी नवा कायदा केला नाही. त्या दोन मुलींचा हक्क आधीपासूनच होता, न्यायालयाने तो ओळखला. नियम एकतर लागू होतो किंवा होत नाही. तत्त्वाला मात्र वजन असतं, आणि समोर जास्त वजनाचं काही आलं की ते हरतं, तरी खोटं ठरत नाही. आपल्याकडचा प्रतिकूल ताबा बघा: दुसऱ्याच्या जमिनीत घुसून बारा वर्षं उघडपणे मालकासारखं राहिलं, की मालकाचा हक्कच संपतो. इथे दुष्कृत्याचा लाभ मिळतोच, कारण जुने तंटे कधीतरी मिटावेत याला जास्त वजन दिलंय.

ग्रुपवर हे लिहिताच मावसभावाने विचारलं, “म्हणजे माझा भाडेकरू घर बळकावणार?” नाही रे बाबा, तो तुझ्या परवानगीने राहतोय. विषय तिथेच भरकटला.

सावरला वकीलकाकांनी. त्यांनी मुंबई इलाख्यातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलेला केंचव्वाचा दावा काढला, १९२४ चा. हिंदू कायद्यात खुनी वारसाला अडवणारं काही नाही असं मानलं, तरी न्याय, समता आणि सदसद्विवेक यांच्या आधारे तो अपात्रच ठरतो आणि वारसा ठरवताना तो अस्तित्वातच नाही असं धरायचं, असा तो निकाल. खुनी वारसाला अपात्र ठरवणारं हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २५ आलं १९५६ मध्ये. तत्त्व आधी, नियम बत्तीस वर्षांनी.

इथला माझा एक वकील सहकारी हे सगळं उडवून लावतो. न्यायाधीश आधी मनात ठरवतो आणि मग तत्त्व शोधतो, म्हणतो. असं घडतं, हे खरं. पण मग कोर्टासमोर वकील रोज ‘माझ्या अशिलाचा हक्क आहे’ म्हणून भांडतात, ते काय निव्वळ नाटक? त्याच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही ग्रे यांच्या बाजूने विचारता येईल अशा एका शंकेचं पूर्ण उत्तर नाही: न लिहिलेलं तत्त्व माणसाने आधी ओळखायचं कसं?

मला वाटतं, न्यायाधीशाने कायद्याच्या अक्षरापलीकडे जावं की नाही या मायदेशातल्या वादात दोन्ही बाजूंचा नेम चुकतो. न्यायाधीशाने छापलेल्या नियमापलीकडे जाण्यात गैर नाही. कुठे गेला ते बघावं. ड्वॉर्किन तत्त्व आणि धोरण वेगळं करतात. एखाद्याचा हक्क सांगणं हे तत्त्व, समाजाचं एकूण भलं साधण्याचा हिशेब हे धोरण, आणि तो हिशेब विधिमंडळाचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको असं सांगितलं. मार्च २०१७ मध्ये वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केलं. हेतू चांगला होता, अपघातही खरे होते. पण पाचशे का, २२० का, हे कुठल्याही हक्कातून निघत नाही. तो आकडा तडजोडीचा आहे.

वकीलकाकांना हे पटलेलं नाही. रस्त्यावरच्या माणसाचा जगण्याचा हक्क आहे, त्यातून अंतर निघतं, असं ते म्हणतात. मी त्यांना एवढंच विचारलंय की मग त्याच हक्कातून छोट्या गावात वेगळं अंतर कसं निघालं. उत्तर अजून आलेलं नाही.