वाक्याला पन्नास रुपये कोण देतंय?

परभणीच्या वसमत रोडवरल्या टपरीशेजारी, कट्ट्यावर वाद पेटला तो संतोषला आलेल्या टेलिग्राम मेसेजवरून. मराठी वाक्यं वाचून आवाज पाठवायचा, वाक्याला 50 रुपये.

"खरं हाय हे. तीन वाक्यं पाठवली, लगेच दीडशे रुपये आले," संतोष म्हणाला. "आता 999 भरले की मोठं काम देणार. ते पैसे परत देतो म्हणायलेत."

"दीडशे तर गळाला लावलेलं आमिष हाय," विष्णू म्हणाला. "हिशोब मांड. एक वाक्य 8 सेकंदांचं धर. तासाभराच्या आवाजात 450 वाक्यं बसतात. 50 च्या भावानं साडेबावीस हजार झाले. तासाभराच्या आवाजाला एवढे कोण मोजतंय? आणि काम देणारा आपल्याकडूनच पैसे कशाला घेईल? 999 नंतर 4,999 मागतील, मग पैसे काढायचे म्हणून 'टॅक्स' मागतील."

सलीमला हे अर्धवट वाटलं. "म्हणजे पैसे देणारा खोटा, अन् फुकट राबवून घेणारा खरा? संगणकाला बोली समजावी म्हणून लोकांचे आवाज गोळा करणारा मोझिलाचा कॉमन व्हॉइस तर छदाम देत नाही."

"देत नाही, पण ते आधीच सांगतेत," विष्णू म्हणाला. " तिथला आवाज कुणालाही वापरायला खुला असतो. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पाचं भाषादानही तसंच, स्वेच्छेचं. खऱ्या कामात आवाज कोण घेतंय, कशाला वापरणार, भाव काय, हे सगळं संमतीपत्रात लिहिलेलं असतं. भाव बहुतेकदा मंजूर झालेल्या आवाजावर असतो, बसलेल्या वेळेवर नाही. तासभर मंजूर व्हायला तीन तास सहज जातेत."

"अन् शेवटी 'नामंजूर' म्हणून बुडवतेत," सलीम म्हणाला.

"कारण बघायचं. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, पंख्याची घरघर येते. लिहिलंय 'पाहिजे' अन् आपण म्हणतो 'पायजे', तर वाक्य उडतं. बोलीतलंच बोलणं हवं असेल तर ते काम वेगळं, तिथं वाचायला मजकूर नसतो, विषय देतेत. चांगल्या ठिकाणी प्रत्येक तुकड्यापुढं नापासाचं कारण दिसतं. सरसकट नापास, कारण काहीच नाही, किंवा 'चाचणी' म्हणून 200 वाक्यं फुकटात, तर तिथंच थांबायचं. चाचणीला पाच-दहा वाक्यं पुरतात. आणि वाचायला दिलेल्या वाक्यांत स्वतःचं नाव, आधार क्रमांक, 'मला मान्य आहे' असलं काही आलं, तर ते मुळीच वाचू नको."

संतोष गप्प झाला, मग म्हणाला, "यूपीआय आयडी तर दिलाय त्यांना."

"आयडी दिल्यानं खातं रिकामं होत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की ते पैसे जायलेत असं समज. खरी भीती त्या दीडशेची हाय. ते दुसऱ्या फसलेल्याच्या खात्यातून आलेले असू शकतेत, त्याच्या तक्रारीवरून तुझं खातं गोठू शकतं. गप्पांचे, रकमेचे स्क्रीनशॉट ठेव, 999 भरू नको, अन् सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन कर. 'तुझ्या खात्यावर पैसे घेऊन पुढं पाठव' असं ते सांगतील, ते तर मुळीच करू नको."