स्मरणिकेतली आडवी रेघ

आमच्या संस्थेच्या इंग्रजी स्मरणिकेचं प्रूफ तपासायला माझ्याकडे येतं. कारण एकच, मी नाही म्हणत नाही. यंदा पान तीनवर प्रमुख पाहुण्यांचा परिचय होता. पहिल्याच ओळीत 'अ वेल-नोन ऑथर', मध्ये हायफन घालून. चार ओळींखाली 'द ऑथर इज वेल नोन', तिथे हायफन नाही. दोन्ही बरोबर होतं. मी खुशीत पान उलटलं.

सचिवसाहेबांचा फोन रात्री साडेनऊला आला. "एकाच पानावर दोन तऱ्हा? लोक काय म्हणतील?"

मी समजावलं. नाम पुढे यायचं असतं, तेव्हा वाचणारा अंधारात असतो. कुठला शब्द कुणाला चिकटवायचा हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून नामाआधीची जोडगोळी हायफनने बांधायची. नाम येऊन गेलं, मध्ये 'इज' आलं, की घोळ व्हायला जागाच उरत नाही. बांधणार कशाला?

"पण 'वेल' आणि 'ऑथर' असं कोण चिकटवेल?" साहेब वकिली करून निवृत्त झालेले आहेत.

आता, इंग्रजीत 'वेल' म्हणजे तब्येतीने ठणठणीत असाही अर्थ होतो. म्हणजे अगदी ओढूनताणून 'ठणठणीत आणि प्रसिद्ध लेखक' असं वाचता येईल. पण खरं सांगायचं तर इथे कुणी फसत नाही, ही निव्वळ रीत आहे. हायफनची खरी गरज कळते ती 'स्मॉल बिझनेस ओनर'मध्ये. छोटं काय, धंदा की मालक? 'स्मॉल-बिझनेस' जोडलं की मालकाची उंची वाचते. साहेब स्वतः पाच फूट दोन, म्हणून हे उदाहरण मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी ते शब्दकोश घेऊन हजर. कोशात 'वेल-नोन' हायफनसकट छापलेलं. आता कोशाशी भांडायचं म्हणजे कोर्टाशी भांडण्यासारखं. कोशातली नोंद बहुधा नामाआधीचं रूप दाखवते. नामानंतर काय करायचं ते संपादनाच्या शैलीवर सोडलेलं असतं. शिकागो मॅन्युअल हे शैलीपुस्तक नामानंतर हायफन काढायला सांगतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या मात्र 'इज'नंतरही तो ठेवायला सांगत. म्हणजे साहेबांना पाठिंबा होता, फक्त त्यांना तो सापडला नाही. मी शोधून दिला नाही.

"आपण शिकागो पाळतो," मी ठणकावलं. संस्थेत हे त्या दिवशीच ठरलं.

पण प्रूफ मधल्या काळात साहेबांच्या भाच्याकडे गेलं होतं. त्याने फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे 'वेल-नोन' केलं आणि हात लागलाच आहे म्हणून आणखी जिथे जोडी दिसली तिथे रेघ ओढली. 'हायली-पेड स्टाफ', 'न्यूली-बिल्ट हॉल'. इथे रेघ लागत नाही, कारण क्रियाविशेषणाच्या शेपटीचा 'ली'च सांगतो की मी पुढच्या शब्दाला चिकटलोय. मी 'इज'नंतरच्या 'वेल नोन'ची रेघ काढली, सगळे 'ली' मोकळे करत सुटलो आणि 'फॅमिली-ओन्ड'पाशी थबकलो. 'फॅमिली'लाही 'ली' आहे, पण ते नाम आहे, त्याचा हायफन राहतो. शेपटी पाहून जात ठरवता येत नाही. 'फॅमिली' वाचवलं.

मग पान अकरा. आवारातली शंभर वर्षांची झाडं संस्थेने वाचवली, असं मूळ मराठी टिपण. इंग्रजीत भाच्याने लिहिलं होतं '100 इयर-ओल्ड ट्रीज', रेघ फक्त 'इयर' आणि 'ओल्ड'मध्ये. म्हणजे एक वर्षाची शंभर रोपटी! तीनही शब्द जोडून '100-इयर-ओल्ड ट्रीज' केलं की तीच रोपटी वटवृक्ष होतात. झाडं किती ते मात्र या इंग्रजीतून कळत नाही. मी साहेबांना विचारलं.

"चार आहेत. पण शंभर छापलं तर देणगीदारांना बरं वाटेल."

एका रेघेपायी खोटं छापलं जाऊ नये म्हणून मी 'फोर 100-इयर-ओल्ड ट्रीज' लिहिलं. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. हायफनने दिलेला तेवढाच आराम.

शेवटी प्रूफ पाहुण्यांकडे मंजुरीला गेलं. त्यांनी दोन्ही 'वेल नोन' खोडून, हायफनवाला आणि बिनहायफनचा, वर लाल शाईने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'इंटरनॅशनली-ॲक्लेम्ड'. मध्ये ठसठशीत रेघ.

ती खोडायला साहेबांनी भाच्याला सांगितलं, भाच्याने मला, आणि मी अध्यक्षांना. स्मरणिका तशीच छापायला गेली.