सगळं तयार आहे!

"मॅडम, नमस्कार. 2024-25 चं रिटर्न भरायचंय. पॅन, आधार, फॉर्म 16, बँक स्टेटमेंट, विम्याच्या पावत्या... सगळं तयार आहे. भेटीसाठी वेळ द्याल का?"

सीए मॅडमना हा मेसेज टाकला आणि पुढचा अर्धा तास मी स्वतःवरच खूश होतो. विम्याच्या पावत्या तर तारखेनुसार लावून टाचल्या होत्या.

उत्तर आलं : "वर्षात नोकरी बदलली का?"

मला वाटलं, आपुलकीची चौकशी. "हो मॅडम! ऑक्टोबरपासून. पगारही वाढला."

"छान. फॉर्म 16 किती?"

किती म्हणजे? आधार कुणी किती विचारतं का? माझ्याकडे नव्या कंपनीचा एक होता. मॅडमनी लगेच फोनच केला.

"जुन्या कंपनीचाही लागेल. नव्या कंपनीला 12बी भरून दिला होतात?"

रुजू होताना एचआरने तो पाठवला होता खरा. 'आधीच्या नोकरीचं उत्पन्न' असं वाचून मी म्हटलं, माझा जुना पगार यांना कशाला सांगू? आणि मोठ्या हुशारीने तो कोराच ठेवला.

मॅडमनी ती हुशारी आकड्यांत मांडली. पहिल्या सहा महिन्यांत 6 लाख, नंतरच्या सहांत 9 लाख. नव्या कंपनीला वाटलं, वर्षाची कमाई 9 लाखच. तिने 75,000 ची प्रमाणित वजावट दिली, वर सुरुवातीचे करमुक्त 3 लाखही दिले. जुनीनेही टीडीएस कापताना हेच धरलं होतं.

"दोघींनी तुम्हाला माफी दिली," मॅडम म्हणाल्या, "सरकार एकदाच देतं."

एकूण 15 लाखांतून 75,000 एकदाच वजा, म्हणजे 14 लाख 25 हजार. नव्या करपद्धतीने कर सेससकट 1,30,000. दोन्हीकडे मिळून कापलेला टीडीएस 69,550. उरले 60,450. वर वेळेत अॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं व्याज.

"आणि माझ्या विम्याच्या पावत्या?"

"नव्या पद्धतीत चालत नाहीत. जुन्या पद्धतीत चालतील, पण तुमच्या बाबतीत कर आणखी वाढेल."

टाचण्या तरी काढून ठेवाव्यात, म्हटलं.

"एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची तुमच्या उत्पन्नाची नोंद, डाउनलोड करून पाठवा. पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. त्यात बँकेचं व्याज दिसेल, ते मी अजून धरलेलं नाही."

अजून?

आता जुन्या कंपनीकडून फॉर्म 16 मागवायचाय. तिथल्या एचआरला मी जाताना निरोपाचा मेल लिहिला होता. फार मनमोकळा. त्यात 'कारभार' हा शब्द चार वेळा आला होता, चारही वेळा अवतरणचिन्हात. तोच मेल उघडून त्याखाली 'रिप्लाय' दाबलंय आणि गेली वीस मिनिटं 'आदरणीय'च्या पुढे काय लिहावं, याचा विचार करतोय.