भाड्यात सवलत न मिळवण्याची पद्धत

दुकानासमोरचा रस्ता खोदून चार महिने झाले, गिऱ्हाईक पत्र्यांच्या पलीकडूनच पुढे जातं, म्हणजे गाळामालकाकडे सवलत मागायची वेळ आलीच. ती मिळू नये म्हणून थोडी तयारी लागते.

आधी भाडं थकवा, मग बोला. वेळेवर भरणाऱ्याने सवलत मागितली तर मालकाला विचार करावा लागतो. थकबाकीदाराने मागितली की त्याला करारातलं गाळा खाली करून घ्यायचं कलम तेवढं वाचावं लागतं. बिचाऱ्याचा वेळ वाचवा.

जाताना कागद नेऊ नका. ‘धंदा पार बसलाय हो’ एवढं पुरे. तुलना करायचीच झाली तर मागच्या महिन्याशी करा, म्हणजे हंगाम संपल्यावरची नेहमीची घसरणही खड्ड्याच्या नावावर पडेल आणि मालकाच्या पहिल्याच प्रश्नाला हिशोब कोसळेल. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांतली विक्री आणि बिलांची संख्या शेजारी शेजारी मांडणं हा शुद्ध आततायीपणा.

कारण आकडे बोलायला लागतात. समजा, पूर्वी 100 च्या विक्रीत माल 70 चा, भाडं 12, पगार आणि वीज 11, हातात 7. विक्री 60 वर आली की माल 42 वर उतरतो, पण भाडं आणि पगार जागचे हलत नाहीत; 5 ची तूट. भाडं 12 चं 7 झालं तर दुकान ना नफा ना तोटा चालतं. म्हणजे तुम्ही तुमचे 7 सोडताय आणि मालकाकडे 5 मागताय. हे दाखवलंत तर तो ‘चार कमी करू’ म्हणण्याची भीती आहे. एकदा घासाघीस सुरू झाली की सवलत टाळणं अवघड.

त्यापेक्षा ‘अर्धं करा, कायमचं’ म्हणा. पत्रे निघून रस्ता खुला होईपर्यंतच सवलत, मूळ भाडं कायम आणि वार्षिक वाढही त्यावरच, असं म्हटलंत तर त्याची निम्मी धास्ती जाईल. बदल्यात करार काही महिने वाढवून देऊ नका. समोर खड्डा असताना रिकाम्या गाळ्याला नवा भाडेकरू कुठून येणार, हे त्यालाही कळतं. त्याची आठवण कशाला करून द्यायची?

एवढं करूनही तो ‘बघू’ म्हणालाच, तर तो होकार समजा. लेखी काही घेऊ नका, विशेषतः रक्कम माफ झाली की नुसती पुढे ढकलली, हे विचारू नका. पुढच्या महिन्यापासून आपल्या मनाने कमी भरा. पावतीवर ‘अंशतः जमा’ लिहून येईल, तीही न वाचता गल्ल्यात टाका. रस्ता झाल्यावर सगळ्या ‘अंशतः’ची बेरीज मालक करेल, आणि ती डिपॉझिटमधून वळती करून घेईल.