इंटरव्ह्यूनंतरच्या मेलमध्ये नेमकं काय लिहायचं?

परवा रात्री आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. आम्ही खारीगावात राहतो. त्या दिवशी सकाळी महापेच्या एका कंपनीत तिचा इंटरव्ह्यू झाला होता, अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी. म्हणाली, "काकू, सगळे सांगतात इंटरव्ह्यू झाल्यावर थँक यू मेल पाठवायचा. मी लिहिलाय, एकदा बघता का?"

मी स्वतः चौदा वर्षं फायनान्समध्ये आहे आणि त्यातली आठेक वर्षं पॅनेलवर बसते आहे. असे मेल मला सतत येतात. चांगली तयारी केलेली मुलं या एका मेलमध्ये कशी गडबडतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून तिचा मेल आम्ही दोघींनी मिळून कसा लिहिला ते सविस्तर सांगते.

तिच्या पहिल्या मेलमध्ये चार परिच्छेद होते. आदरणीय सर आणि मॅडम, आपण आपला बहुमूल्य वेळ दिलात त्याबद्दल मी अत्यंत ऋणी आहे, आपली कंपनी या क्षेत्रातली नामवंत कंपनी आहे, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, संधी मिळाल्यास सोनं करीन. आणि शेवटी, वडील दोन वर्षांपासून घरी आहेत, त्यामुळे मला या नोकरीची फार गरज आहे.

ती शेवटची ओळ वाचून मला भरून आलं, कारण तिचं घर मी रोज बघते. तरी सगळ्यात आधी तीच काढायला सांगितली. पॅनेलवरच्या माणसाला गरज बघून माणूस घेता येत नाही. ती ओळ वाचून तो अवघडतो आणि मुलीचं काम बाजूला राहून परिस्थितीच डोक्यात राहते. उरलेल्या मेलची अडचण वेगळी होती. तो कुठल्याही कंपनीला, कुठल्याही जागेसाठी, इंटरव्ह्यूला न जातासुद्धा पाठवता आला असता.

मी लॅपटॉप मिटला आणि तिला विचारलं, "आत काय काय झालं ते पहिल्यापासून सांग."

पॅनेलवर तिघं होते: फायनान्स मॅनेजर, एक सीनिअर अकाउंटंट मॅडम आणि एचआर. नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसमध्ये तिने दोन वर्षं काम केलंय, त्यावर बराच वेळ बोलणं झालं. सगळं छान चाललं होतं. मग मॅनेजरनी एक प्रश्न टाकला. पुरवठादाराचं दोन लाखांचं बिल आलंय, त्यावर १८ टक्क्यांनी ३६ हजार जीएसटी आहे, पण त्याने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र भरलेलं नाही, म्हणून आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, ते बिल दिसत नाही. कर भरायचं ३बी विवरणपत्र भरताना तू या ३६ हजारांचं काय करशील, म्हणजे ते आपल्या करातून वजा करशील का?

हिने सांगितलं, बिल २बी मध्ये नसलं तरी पाच टक्क्यांच्या मर्यादेत प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं क्रेडिट घेता येतं. मॅनेजर दोन सेकंद थांबले, "नक्की?" म्हणून विचारलं. ही "हो" म्हणाली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

ऐकल्या ऐकल्या मला कळलं की मेलचा विषय हाच.

ती पाच टक्क्यांची सवलत १ जानेवारी २०२२ पासून बंद झाली आहे. आधी ती २० टक्के होती, मग १०, मग ५ आणि मग गेलीच. आता बिल २बी मध्ये दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. ही मुलगी जुन्या नोट्सवरून वाचून गेली होती. सीएच्या ऑफिसमध्ये ती रोज २बी जुळवते, म्हणजे तिला काम येतं, त्या क्षणी तोंडून जुना नियम निघाला. पण मॅनेजरच्या कागदावर काय लिहिलं गेलं असेल? मी असे कागद भरलेत, म्हणून अंदाज करू शकते. बाकी ठीक, जीएसटी अपडेट नाही. बस, एवढीच ओळ. शेवटी दोन उमेदवार सारखे उरतात तेव्हा अशा एका ओळीवर निर्णय फिरतो.

बहुतेक ठिकाणी पॅनेल त्याच दिवशी निकाल लावत नाही. सगळे उमेदवार होतात, एक-दोन दिवसांत तिघं पुन्हा बसतात आणि आपापले शेरे वाचतात. त्या मधल्या वेळात पोचलेला मेल त्या शेऱ्यांच्या शेजारी ठेवला जातो. आभारांच्या मेलचा खरा उपयोग तिथे आहे. आभार मानायचेच, पण सोबत त्या खोलीत अर्धवट राहिलेली एक गोष्ट पूर्ण करायची.

मात्र प्रत्येक चूक अशी उकरून काढू नये. पॅनेलने जिथे थांबून पुन्हा विचारलं, चेहरा बदलला, काहीतरी टिपून घेतलं, तिथेच दुरुस्ती करावी. जे कुणाच्या लक्षातही आलं नाही, ते आपणहून दाखवायला जाऊ नये. आणि दुरुस्ती पाठवण्याआधी ती शंभर टक्के तपासावी, कारण दुसऱ्यांदा चुकलं तर मग काहीच उरत नाही. आम्ही तरतूद दोनदा वाचली. तिला कलम, पोटकलम, परिपत्रक सगळं मेलमध्ये घालायचं होतं. मी फक्त दोन वाक्यं ठेवायला लावली.

मेल इंग्रजीतच गेला. पण एचआरच्या मॅडमना लिहिलेला मजकूर साधारण असा होता:

"मॅडम, आज सकाळी महापे ऑफिसमध्ये झालेल्या इंटरव्ह्यूबद्दल आपले आणि पॅनेलवरच्या दोघांचे आभार. २बी मध्ये न दिसणाऱ्या बिलाच्या प्रश्नावर मी पाच टक्के प्रोव्हिजनल क्रेडिट असं उत्तर दिलं होतं, ते चुकीचं होतं. ती तरतूद १ जानेवारी २०२२ पासून लागू नाही. मी ते ३६ हजारांचं क्रेडिट त्या महिन्यात घेणार नाही, बिल प्रलंबित यादीत ठेवीन, पुरवठादाराचा पाठपुरावा करीन आणि ते ज्या महिन्याच्या २बी मध्ये येईल तेव्हा घेईन. आपण सांगितलेलं व्हेंडर रिकन्सिलिएशनचं काम मी सध्या दर महिन्याला साधारण १२० व्हेंडरसाठी करते आणि तेच मोठ्या प्रमाणावर करायची माझी इच्छा आहे. माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. हा मेल पॅनेलला पाठवलात तर आभारी राहीन."

शेवटी नाव आणि मोबाइल नंबर. मोबाइलवर जेमतेम एका स्क्रीनमध्ये मावतो.

आपल्याला ही जागा हवी आहे, हे कसं सांगायचं यावर आमचा थोडा वाद झाला. तिला "मी अत्यंत उत्सुक आहे" असं लिहायचं होतं. उत्सुक तर सगळेच असतात. त्याऐवजी इंटरव्ह्यूत त्यांनी स्वतः सांगितलेलं काम उचलायचं आणि आपण आज करत असलेल्या कामाला जोडायचं. त्यांनी सांगितलं होतं की व्हेंडरची खाती जुळवायला माणूस कमी पडतोय. हिने लिहिलं की मी तेच करते. १२० हा आकडा तिचा खरा आहे, मी खोदून विचारून घेतला. फुगवलेला आकडा पुढच्या राउंडला लगेच उघडा पडतो.

पगाराचा विषय या मेलमध्ये काढू नये. सुट्ट्यांचा, घरून काम करण्याचाही नाही.

पाठवायचा कुणाला, हाही तिचा प्रश्न होता. मॅनेजरचा मेल आयडी तिने कुठूनतरी शोधून ठेवला होता. मी नको म्हटलं. ज्यांनी आपला पत्ता दिलेला नाही त्यांना परस्पर मेल गेला की काहींना ते खटकतं. इंटरव्ह्यूची वेळ कळवणारा एचआरचा जो मेल आला होता, त्यालाच रिप्लाय करायचा, विषयाची ओळ तशीच ठेवायची. म्हणजे जागेचं नाव, तारीख, बायोडेटा सगळं त्याच साखळीत राहतं आणि एचआरला पुढे पाठवायला एक क्लिक पुरतं. पॅनेलवरच्या कुणी स्वतः कार्ड दिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण तिघांना एकच मजकूर तीन वेळा पाठवू नये. आम्ही पॅनेलवाले एकमेकांना मेल दाखवतो. मागे एका मुलाच्या मेलमध्ये दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. मुलगा हुशार होता, पण अकाउंट्सच्या जागेसाठी जुना मजकूर न तपासता पाठवणारा माणूस कसा घ्यायचा, यावर आमच्याकडे कुणाकडेच उत्तर नव्हतं.

वेळेचं म्हणाल तर त्याच दिवशी संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत. पण लोकलमध्ये उभ्या उभ्या लिहायला जाऊ नका. घणसोली स्टेशनला गाडीची वाट बघताना फक्त टिपून ठेवा: समोर कोण कोण होतं, त्यांनी कामाबद्दल काय सांगितलं, कुठे अडलात. घरी येईपर्यंत यातलं निम्मं विसरायला होतं. मेल मात्र शांत बसून लिहायचा.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ठाण्यात बँकेच्या आणि सरकारी परीक्षा देणारी मुलं खूप आहेत. हे सगळं खाजगी नोकरीपुरतं. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या भरतीच्या जाहिरातींमध्ये बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की कुठल्याही प्रकारे वशिला लावण्याचा प्रयत्न केला तर उमेदवारी रद्द होईल. तिथे मुलाखत झाल्यावर मंडळातल्या सदस्याला आभाराचा मेलसुद्धा करू नका. निकाल लागेपर्यंत गप्प बसायचं.

आणि ज्याचा इंटरव्ह्यू मुळातच फसला, त्याला या मेलने कुणी घेत नाही. मीही आजवर घेतलेलं नाही. ज्याच्याबद्दल पॅनेलच्या मनात एकच शंका उरलीय, त्याच्यासाठी हा मेल आहे.

तिने रात्रीच पाठवून टाकला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एचआरचं उत्तर आलं: मेल मिळाला, पॅनेलला पाठवलाय, बुधवारपर्यंत कळवू. लगेच तिचा मला फोन. "काकू, बुधवारी नाही कळवलं तर गुरुवारी सकाळी फोन करू का?"

मी म्हटलं, "नको. गुरुवार जाऊ दे. शुक्रवारी याच मेलला एक ओळ लिही, की निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे ते कळवाल का. त्याच्यावर काहीच आलं नाही, तर पुन्हा लिहायचं नाही. आणि तोवर दुसरीकडे अर्ज थांबवू नकोस."

"बरं," म्हणाली, आणि रबाळ्याच्या एका कंपनीची जाहिरात मला पाठवली. तिथेही जीएसटीचंच काम आहे. आज रात्री जुन्या नोट्स बाजूला ठेवून सध्याचे नियम वाचायला आम्ही दोघी बसणार आहोत.