तिप्पट अंतराचा नियम एका अ‍ॅम्पसमोरच्या दोन माइकसाठी नाही

«दोन माइक लावताय? फेजचा त्रास कायमचा विसरा! दुसरा माइक पहिल्याच्या तिप्पट अंतरावर ठेवा, फेज कॅन्सल होणारच नाही. मग दोन्हींची लेव्हल सारखी करा. तरी आवाज पातळ वाटला तर Ø बटण दाबा, फेज जुळते. राहिलंच काही तर सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म सरकवून जुळवा. स्नेअरच्या खालच्या माइकला Ø कायम ऑन. गिटार अ‍ॅम्प असो वा ड्रम्स, सगळीकडे हेच.»

हा मेसेज भाच्याच्या बँडच्या ग्रुपवर आला आणि पोरांनी अख्खं गाणं त्याबरहुकूम रेकॉर्ड केलं. ट्रॅक माझ्याकडे आला तेव्हा गिटार पत्र्याच्या डब्यातून वाजत होती. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, «मामा, नियम तर पाळला ना!» पाळलाच होता, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. यात काही अर्धसत्यंही आहेत, पण तिप्पट अंतर आणि सारखी लेव्हल हे पहिले दोन सल्ले एकत्र पाळले तर रेकॉर्डिंग हमखास बिघडतं.

तीनास एकचा हा नियम मुळात कुठून आला ते बघा. इलेक्ट्रो-व्हॉइस या अमेरिकन माइक कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, लू बरोज, यांनी १९७४ साली मायक्रोफोनवर पुस्तक लिहिलं, त्यातून तो सगळीकडे पसरला. तो आहे दोन वेगवेगळ्या माणसांसमोरच्या दोन माइकसाठी. समजा दोन गायक शेजारी उभे आहेत आणि प्रत्येकाचा माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर आहे. तर त्या दोन माइकमधलं अंतर निदान ६० सेंटिमीटर हवं. मग एकाचा आवाज शेजारच्या माइकमध्ये साधारण साडेनऊ डेसिबलने कमी शिरतो आणि मिक्समध्ये फारसा नडत नाही. म्हणजे हे तिप्पट अंतर माइक ते माइक मोजायचं. एकाच स्पीकरसमोर एक माइक जवळ आणि दुसरा तिप्पट लांब, असं त्यात कुठेही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने आकडा घेतला आणि तो कशाचा आहे ते सोडून दिलं.

शिवाय हा नियम फेजचा त्रास, म्हणजे एकच आवाज दोन माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोचल्याने होणारी काटाकाट, मिटवत नाही. दुसऱ्या माइकमध्ये शिरलेला आवाज उशिराच येतो, फक्त हळू येतो, आणि हळू आहे म्हणून त्याने पडणारे खड्डे उथळ राहतात. सगळा फायदा त्या साडेनऊ डेसिबलमध्ये आहे. आता मेसेजचं पुढचं वाक्य वाचा: दोन्हींची लेव्हल सारखी करा! म्हणजे जे अंतर ठेवून मिळवलं ते गेन वाढवून घालवा. हे लिहिणाऱ्याने स्वतः कधी दोन फेडर एकत्र वर नेऊन ऐकलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

भाच्याच्या रेकॉर्डिंगचंच गणित मांडतो. पहिला माइक अ‍ॅम्पच्या स्पीकरपासून १० सेंटिमीटरवर, दुसरा ३० वर. फरक २० सेंटिमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे हा फरक कापायला त्याला ०.५८ मिलिसेकंद लागतात. आता ८५७ हर्ट्झचा सूर घ्या. त्याची अर्धी लहर नेमकी ०.५८ मिलिसेकंदांची आहे. पहिल्या माइकमध्ये लहर वर जात असते तेव्हा दुसऱ्यात ती खाली येत असते, आणि दोन्हींची लेव्हल सारखी असेल तर बेरीज जवळजवळ शून्य. हेच पुन्हा २५७० च्या आसपास होतं, पुन्हा ४२९० च्या आसपास. मधल्या जागी, १७१५ आणि ३४३० ला, दोन्ही माइक एकमेकांना साथ देतात आणि आवाज दुप्पट होतो. खड्डा, उंचवटा, खड्डा, असं कंगव्यासारखं चित्र तयार होतं. गिटारचा सगळा जीव या मधल्या पट्ट्यात असतो, त्यामुळे आवाज पोकळ आणि नाकातला वाटतो. तोच दुसरा माइक साडेनऊ डेसिबल खाली ठेवला असता तर खड्डे साडेतीन डेसिबलचे आणि उंचवटे अडीचचे राहिले असते. तेवढं चालून जातं, कधी कधी बरंही वाटतं.

(इथे एक बारकावा. साडेनऊचा आकडा आवाज एका बिंदूतून निघतो असं धरून काढलेला आहे. बारा इंची कोनसमोर १० सेंटिमीटरवर ते लागू पडत नाही. प्रत्यक्षात फरक त्याहून कमी मिळतो, म्हणजे खड्डे जास्तच खोल होतात.)

मग पोरांनी Ø दाबलं, कारण मेसेजने तसं सांगितलं होतं. हे बटण वेळेला हात लावत नाही. ते फक्त सिग्नल उलटा करतं, वरचं खाली आणि खालचं वर, सगळ्या फ्रिक्वेन्सींसाठी एकदमच. दुसरा माइक ०.५८ मिलिसेकंद मागे होता तो तसाच मागे राहतो. होतं काय, तर खड्डे आणि उंचवटे जागा बदलतात. ८५७ ला होता तो खड्डा भरून निघतो आणि १७१५ ला नवा पडतो. पण आणखी एक खड्डा तळाला, शून्याकडे पडतो, आणि सगळी खालची पट्टी त्यात जाते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. बटण न दाबता दोन्ही माइक मिळून तिला जवळजवळ सहा डेसिबल वर उचलत होते. बटण दाबल्यावर ती एकट्या माइकपेक्षाही दहा डेसिबल खाली गेली. पत्र्याचा डबा ऐकू आला तो हाच. हेडफोनवर दोन माइक डावी-उजवीकडे ठेवून ऐकलं होतं म्हणून पोरांना कळलं नाही. सिंगल ब्लूटूथ स्पीकरवर दोन्ही एकत्र झाले आणि बेस गायब.

Ø चा खरा उपयोग शोधण्यासाठी होतो, आणि तो मेसेजमध्ये नाही. आधी दोन्ही माइक डोक्याला डोकं लावून धरा, त्यांच्यासमोर बोला आणि मोनोत एकत्र ऐका. आवाज दणकट आला तर ठीक. पातळ झाला तर एखाद्या केबलमध्ये पिन २ आणि ३ उलट जोडलेल्या आहेत किंवा एक माइकच उलटा आहे, आणि तिथे मात्र Ø हाच बरोबर इलाज. एवढं झालं की पहिला माइक अ‍ॅम्पसमोर बसवा, दुसरा त्याच्या शेजारी, जवळपास तेवढ्याच अंतरावर. लेव्हल सारखी, दोन्ही मधोमध, मोनो. आता मुद्दाम दुसऱ्याचं Ø दाबा. कुणाला तरी एकच कॉर्ड वाजवत ठेवा, किंवा अ‍ॅम्पची नुसती खरखर चालू द्या, आणि हेडफोन लावून दुसरा माइक अगदी थोडा थोडा पुढे-मागे करा. एका जागी आवाज एकदम मरतो, नुसती चिरचिर उरते. तिथेच स्टँड घट्ट करा आणि Ø सोडा. जे मरत होतं ते सगळं आता एकमेकांत मिळतं. डोळ्यांनी जाळीपासून मोजू नका, कारण प्रत्येक माइकमध्ये कॅप्सूल वेगळ्या खोलीवर असतं. एखाद्या सेंटिमीटरची चूक राहिली तर घाबरायचं कारण नाही, तिचा पहिला खड्डा १७,००० हर्ट्झच्या वर पडतो आणि गिटार स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही.

वेव्हफॉर्म सरकवण्याबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये एक सॅम्पल म्हणजे सात मिलिमीटर, म्हणून भाच्याचा लांबचा माइक २८ सॅम्पल अलीकडे ओढला आणि गिटार बरीचशी परत आली. पण हे जमलं ते आवाज एकाच स्पीकरमधून येत होता आणि दुसरा माइक जवळच होता म्हणून. तोच माइक मीटरभर लांब असता तर त्यात जमिनीवरून उसळून आलेला आवाजही भरला असता. तो खड्डा त्या एका माइकच्या आतच तयार होतो, मग कितीही सरकवा. असा लांबचा माइक खोलीचा आवाज म्हणून खाली ठेवून वापरायचा.

राहता राहिला स्नेअर. खालच्या माइकला Ø, हे बहुतेक वेळा खरं आहे. काठी पडली की वरचं कातडं वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालचं कातडं खालच्या माइककडे येतं, म्हणून दोन सिग्नल उलटे निघतात. पण एवढ्यावर थांबलात तर मोठी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे ओव्हरहेड, ड्रम्सच्या वर टांगलेले दोन माइक. जवळचा माइक कातड्यापासून ५ सेंटिमीटरवर आणि ओव्हरहेड मीटरभर वर, तर फरक ९५ सेंटिमीटर, उशीर पावणेतीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त, आणि पहिला खड्डा १८० हर्ट्झला. चौदा इंची स्नेअरची बॉडी बरेचदा नेमकी तिथेच असते. एकटा माइक ऐकला की झकास, ओव्हरहेड उघडले की स्नेअर बारीक, ही तक्रार बहुधा इथली असते.

म्हणून आधी स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंत सुतळी लावून अंतर सारखं करा, म्हणजे निदान ते दोघं एकमेकांशी भांडणार नाहीत. मग मोनोत स्नेअरचा माइक आणि ओव्हरहेड एकत्र ऐका, दोन्ही ओव्हरहेडचं Ø एकदम दाबून आणि सोडून बघा. बॉडी जिकडे जास्त तिकडे ठेवा, पण लगेच किक आणि टॉमही वाजवून ऐका, कारण ओव्हरहेड उलटे केले की त्यांचंही गणित बदलतं. स्नेअर सुधारली आणि किक पोकळ झाली तर बटण पूर्ववत करा आणि दोन्ही ओव्हरहेड दहा सेंटिमीटर वर घ्या. खड्डा १८० वरून १६३ ला सरकतो आणि १८० ची स्नेअर त्यातून थोडी बाहेर येते. सुतळी पुन्हा लावायला विसरू नका.